मोटर थांबते, पाणी थांबत नाही

नदीकाठच्या जॅकवेलमधून गावच्या टाकीकडे किंवा माळावरच्या शेताकडे जाणारी पाइपलाइन वरचेवर फुटू लागली की पाणी संस्थेच्या बैठकीत एक सल्ला हमखास येतो : मोटरीला सॉफ्ट स्टार्टर बसवून टाका. कृष्णा, वारणा, पंचगंगेच्या काठी अशा उपसा योजना गावोगाव आहेत, त्यामुळे ही चर्चाही गावोगाव होते. सल्ला चुकीचा नाही, पण अर्धाच आहे. सॉफ्ट स्टार्टरने कोणता दणका कमी होतो आणि कोणता तसाच राहतो हे न कळता पैसे खर्च झाले, तर नवा पॅनल चकाकत राहतो आणि पाइप पूर्वीसारखाच फुटत राहतो.

हे समजून घेण्यासाठी एक हिशेब मांडू. नदीपासून टाकीपर्यंत दीड किलोमीटर लांबीची, दोनशे मिलिमीटर व्यासाची लोखंडी पाइपलाइन आहे. टाकी नदीच्या पातळीपेक्षा ४० मीटर उंच आहे. चाळीस अश्वशक्तीची मोटर सेकंदाला सुमारे ३८ लिटर पाणी चढवते. पाइपातले घर्षण धरून पंपाला ५२ मीटर हेड, म्हणजे साधारण पाच किलो दाब द्यावा लागतो. डिलिव्हरी व्हॉल्व्ह बंद ठेवून हाच पंप चालवला तर तो जास्तीत जास्त ६४ मीटरपर्यंत दाब देऊ शकतो. पाइपात पाण्याचा वेग सेकंदाला १.२ मीटर आहे. माणूस सावकाश चालतो, तितकाच हा वेग. पण त्या पाइपात एका वेळी ४७ टन पाणी असते. उसाने भरलेल्या ट्रॉल्यांची अख्खी रांग चालण्याच्या वेगाने सरकत असावी, तसा हा प्रकार आहे. सगळी गोष्ट या ४७ टनांची आहे. त्यांना हलवायचे कसे, आणि त्याहून अवघड म्हणजे थांबवायचे कसे.

डीओएल म्हणजे डायरेक्ट ऑन लाइन स्टार्टर हा सगळ्यांत साधा. हिरवे बटन दाबले की काँटॅक्टर ओढला जातो आणि मोटरीला एकदम पूर्ण व्होल्टेज मिळते. सुरुवातीला मोटर नेहमीच्या सहापट, कधी आठपट करंट ओढते. आपल्या मोटरीचा नेहमीचा करंट पंचावन्न अँपिअरच्या आसपास असेल, तर त्या क्षणी तो सव्वातीनशेच्या पुढे जातो. सेकंदाभरात, कधी त्याच्याही आत, पंप पूर्ण वेगात येतो. म्हणूनच डीओएल लहान मोटरींनाच लावतात आणि चाळीस अश्वशक्तीच्या मोटरीला सहसा स्टार-डेल्टा असतो. स्टारमध्ये करंट आणि टॉर्क दोन्ही एकतृतीयांशावर येतात. मात्र स्टारवरून डेल्टावर जाताना करंटची एक उसळी येतेच, आणि पंपाचा वेगही त्याच क्षणी झटका घेतो. बंद करताना तर डीओएल आणि स्टार-डेल्टा यांच्यात काडीचाही फरक नाही. लाल बटन दाबले की दोन्हींचे काँटॅक्टर सुटतात आणि वीज तुटते.

सॉफ्ट स्टार्टरमध्ये प्रत्येक फेजवर थायरिस्टरची एक जोडी असते. या जोड्या प्रत्येक आवर्तनातला विजेचा थोडाच भाग मोटरीकडे जाऊ देतात आणि तो हळूहळू वाढवत नेतात. त्यामुळे मोटरीला मिळणारे व्होल्टेज समजा चाळीस टक्क्यांपासून सुरू होऊन दहा सेकंदांत पूर्ण होते. मोटरीचा टॉर्क व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो, म्हणून अर्ध्या व्होल्टेजला टॉर्क पाव मिळतो. करंट तीन-साडेतीनपटीच्या आत राखता येतो. मोटर वेगात आली की बायपास काँटॅक्टर लागतो आणि थायरिस्टर विश्रांती घेतात. इथे एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. सॉफ्ट स्टार्टर व्होल्टेज बदलतो, पण विजेची फ्रिक्वेन्सी पन्नासच राहते. त्यामुळे मोटरीच्या वेगावर त्याची थेट पकड नसते. पुढे ही गोष्ट महत्त्वाची ठरणार आहे.

आता पाइपातल्या दाबाकडे वळू. डीओएलने मोटर झटक्यात सुरू झाली तर पाइपात दणका किती बसतो? पाइप पाण्याने भरलेला असेल, तर अनेकांना वाटतो त्यापेक्षा बराच कमी. पंप स्वतःच्या कमाल हेडपलीकडे दाब निर्माण करू शकत नाही. पाणी स्थिर असताना एनआरव्हीच्या वरच्या बाजूला टाकीच्या उंचीचा ४० मीटर दाब असतोच. पंप एकदम पूर्ण वेगात आला, तर तिथला दाब ६४ मीटरच्या जवळ जातो आणि ही चोवीसेक मीटरची लाट पाइपातून टाकीकडे धावते. चालू अवस्थेतल्या ५२ मीटरपेक्षा हा दाब बारा मीटरच जास्त आहे. धड स्थितीतला पाइप एवढा दाब सहज सोसतो. लाइनला पुढे बंद टोक असलेली एखादी फांदी असेल, तर त्या टोकाला लाट दुप्पट होते, म्हणून तिथल्या एंड कॅपवर लक्ष ठेवावे. सॉफ्ट स्टार्टरने हाच दाब काही सेकंदांत पसरून वाढतो. कपलिंग, शाफ्ट, सांधे आणि ट्रान्सफॉर्मर यांना आराम मिळतो, आणि हा फायदा खरा आहे. पण भरलेला पाइप सुरू करताना फुटत असेल, तर आधी पाइपाची अवस्था तपासावी.

पाइप रिकामा किंवा अर्धवट रिकामा असेल, तर मात्र चित्र बदलते. एनआरव्ही गळका असेल तर रात्रभरात लाइन उतरते. सकाळी मोटर सुरू केली की पंपासमोर उंचीही नसते आणि घर्षणही नसते, त्यामुळे तो नेहमीपेक्षा जास्त पाणी फेकतो. हवा एअर व्हॉल्व्हमधून सुसाट बाहेर पडते, तिच्यामागून पाणी धावत येते, आणि पाण्याने एअर व्हॉल्व्ह गाठून तो बंद केला की तो प्रवाह तिथेच अडतो. त्या क्षणीचा दाब पाइप फोडू शकतो. यावर सॉफ्ट स्टार्टरची दहा सेकंदे काही करू शकत नाहीत, कारण ४७ टन पाणी भरायला आपल्या पंपाला वीस मिनिटे लागतात. इथे जुनाच उपाय चालतो. सेंट्रिफ्यूगल पंपाचा डिलिव्हरीवरचा स्लुइस व्हॉल्व्ह जेमतेम उघडा ठेवून लाइन सावकाश भरावी आणि वरून पाणी पडू लागल्यावर तो पूर्ण उघडावा.

खरा धोका मोटर थांबताना असतो. अशा पंपाच्या फिरत्या भागांचे वजन थोडे असते. वीज तुटली की अर्ध्या सेकंदाच्या आत पंपाचा जोर संपतो. पाइपातले ४७ टन पाणी मात्र आपल्याच ओढीने पुढे जात राहते. मागून ढकलणारे कोणी नाही आणि पुढचे पाणी निघून चालले आहे, म्हणून पंपाजवळचा दाब कोसळतो. किती कोसळतो याचे गणित रशियन शास्त्रज्ञ निकोलाय जुकोव्हस्की यांनी १८९७-९८ मध्ये मॉस्कोच्या पाणीपुरवठ्याच्या नळांवर प्रयोग करून मांडले. पाण्याच्या वेगात अचानक होणारा बदल आणि दाबाची लाट पाइपातून ज्या वेगाने धावते तो वेग, या दोहोंच्या गुणाकाराला गुरुत्वाकर्षणाच्या ९.८१ ने भागले की दाबातला बदल मीटरमध्ये मिळतो. लोखंडी पाइपात ही लाट सेकंदाला सुमारे हजार मीटर धावते. म्हणजे पाण्याचा वेग सेकंदाला एक मीटरने अचानक बदलला, तर दाब जवळजवळ शंभर मीटरने, म्हणजे दहा किलोने बदलतो.

आपल्या पाइपात वेग १.२ मीटर आहे, म्हणजे बदल १२२ मीटरचा. ५२ मीटर दाबातून १२२ वजा केले की उणे सत्तर येतात. पाण्यात असा दाब असूच शकत नाही. पूर्ण निर्वातही वातावरणाच्या दाबाखाली उणे दहा मीटरच्या आसपास संपतो. त्या मर्यादेला पाणी थंड असतानाच वाफ होऊ लागते आणि पाण्याचा सलग स्तंभ तुटतो. एनआरव्हीच्या पुढे किंवा लाइनच्या उंचवट्यावर वाफेची पोकळी तयार होते. रबरी गॅसकेट आत ओढले जातात, पातळ भिंतीचा पाइप चेपतो, आणि एखादा सांधा गळका असेल तर बाहेरचे घाण पाणी आत शोषले जाते. पिण्याच्या पाण्याच्या योजनेत हा धोका फुटीपेक्षाही गंभीर मानला पाहिजे.

पुढे गेलेले पाणी तीनेक सेकंदांत चढावर दमते, क्षणभर थांबते आणि उलटे फिरते. आता ते उताराने एनआरव्हीकडे येते. झडप वेळेवर बंद झालेली नसेल, पाणी उलटे सेकंदाला अर्ध्या मीटरच्या वेगाने वाहू लागल्यावर ती आपटली, तर या अर्ध्या मीटरचे ५१ मीटर आणि उंचीचे ४० मिळून ९१ मीटर, म्हणजे नऊ किलोंवर दाब जातो. वाफेची पोकळी मिटते तेव्हा पाण्याची दोन टोके एकमेकांवर आदळतात. तो दणका वेगळा. मग ही लाट टाकी ते पंप अशी येरझारा घालत हळूहळू शमते. एका येण्याजाण्याला आपल्या लाइनमध्ये तीन सेकंद लागतात.

हे तीन सेकंद म्हणजे या विषयातला कळीचा आकडा. लांबीची दुप्पट भागिले लाटेचा वेग. पाण्याचा वेग यापेक्षा कमी वेळात शून्यावर आणला, तर पूर्ण दणका बसतो, कारण टाकीकडून परत येणारी लाट मदतीला येईपर्यंत सगळे होऊन गेलेले असते. याच्या चार-पाचपट वेळ घेतला, तर दणका झपाट्याने उतरतो. आपले पाणी बारा सेकंदांत एकसारखे मंदावले, तर दाबातला बदल १२२ वरून पंधराच मीटरवर येतो. पाइप पीव्हीसीचा असेल तर हिशेब बदलतो. पीव्हीसीची भिंत लवते, त्यामुळे लाट सेकंदाला चारशे मीटरच्या आसपास धावते आणि दणका पन्नास मीटरच्या आत राहतो. पण लाटेच्या येण्याजाण्याला साडेसात सेकंद लागतात, म्हणून थांबवायलाही जास्त वेळ द्यावा लागतो. शिवाय रोज अनेकदा दाब वर-खाली झाला की पीव्हीसी थकते आणि एके दिवशी साध्या दाबालाही तडकते.

मग सॉफ्ट स्टार्टरमधली सॉफ्ट स्टॉपची सोय इथे कामाची आहे का? आहे, पण सेटिंग समजून केले तरच. पंपाचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात कमी होतो. पूर्ण वेगाला ६४ मीटर देणारा आपला पंप वेगाच्या ७९ टक्क्यांवर ४० मीटरच देतो. त्याखाली गेला की टाकीपर्यंत पाणी चढवणे त्याला जमत नाही आणि प्रवाह थांबतो. म्हणजे पाण्याचा सगळा वेग पंपाच्या वेगातल्या वरच्या एकवीस टक्क्यांत संपतो. स्टॉपची वेळ वीस सेकंद ठेवली आणि मोटर अगदी एकसारखी मंदावली, असे धरले तरी पाण्याच्या वाट्याला त्यातले चारच सेकंद येतात. उरलेले सोळा सेकंद पंप नुसता फिरतो.

प्रत्यक्षात मोटर एकसारखी मंदावतही नाही. साधा सॉफ्ट स्टार्टर व्होल्टेज सरळ रेषेत उतरवत जातो, पण फ्रिक्वेन्सी तीच असल्यामुळे मोटर बराच वेळ जवळजवळ पूर्ण वेग धरून ठेवते. मग टॉर्क भारापेक्षा कमी पडताच ती एकदम ढासळते. पडद्यावर वीस सेकंद दिसतात, पाण्याला दीड-दोन सेकंदच मिळतात. म्हणून पंपासाठी घ्यायच्या सॉफ्ट स्टार्टरमध्ये टॉर्कवर नियंत्रण ठेवणारा पंप स्टॉप आहे का, हे विचारूनच घ्यावे. तो व्होल्टेज ठरावीक पद्धतीने न उतरवता मोटरीचा टॉर्क मोजून, पंपाच्या वक्ररेषेला धरून उतरवतो. तरीही वेळ मनासारखा वाढवता येत नाही, कारण या काळात मोटर आणि थायरिस्टर दोन्ही तापतात. पाणबुडी मोटरीला तर चढतानाही फार वेळ चालत नाही. तिचे थ्रस्ट बेअरिंग पाण्याच्या पातळ थरावर तरंगते आणि तो थर वेग आल्यावरच तयार होतो, म्हणून उत्पादकाच्या पुस्तिकेतली मर्यादा पाळावी लागते. वेगावर खरी पकड हवी असेल, तर फ्रिक्वेन्सी बदलणारा व्हीएफडी लागतो. तो महाग आहे.

लाल बटन दाबले तरच हे सगळे घडते. लाइट गेली, फेज उडाली, व्होल्टेज पडून रिले ट्रिप झाला, तर सॉफ्ट स्टार्टर, स्टार-डेल्टा, डीओएल आणि महागडा व्हीएफडी यांच्यात काहीच फरक उरत नाही. चारही ठिकाणी मोटरीला मिळणारी वीज त्याच क्षणी तुटते आणि वर सांगितलेला सगळा प्रकार जसाच्या तसा घडतो. आपल्या ग्रामीण फीडरवर वीज किती वेळा जाते, हे वाचकांना वेगळे सांगायला नको. अनेक योजनांमध्ये बटन दाबून मोटर बंद होण्यापेक्षा लाइट जाऊन ती बंद होण्याचे प्रसंगच जास्त असतात. त्यात ऑटो स्विच असेल, तर वीज काही सेकंदांत परतताच मोटर पुन्हा सुरू होते. पाइपातले पाणी तेव्हा अजून हेलकावत असते, कुठे पोकळी असते, कुठे उलटा प्रवाह असतो, आणि त्यावरच पंप नवा जोर लावतो. ऑटो वापरायचाच असेल, तर निदान काही मिनिटांचा टायमर त्यात असलाच पाहिजे.

वीज गेल्यानंतरच्या दणक्यावरचा इलाज पाइपाकडेच करावा लागतो. पहिला खर्च एनआरव्हीवर करावा, असे माझे ठाम मत आहे. जुन्या पद्धतीची जड झुलती झडप उलटा प्रवाह सुरू झाल्यावरच आपटते. स्प्रिंगवाली, कमी अंतर सरकणारी झडप पाणी थांबता थांबता बंद होते. उंचवट्यांवर चालू स्थितीतले एअर व्हॉल्व्ह हवेत. हवा पटकन आत घेणारे आणि सावकाश बाहेर सोडणारे असतील तर उत्तम. आपल्याकडे मोठ्या उपसा योजनांमध्ये झिरो व्हेलॉसिटी व्हॉल्व्ह आणि एअर कुशन व्हॉल्व्ह वापरतात. याशिवाय पंपघराजवळ दाबाखालच्या हवेची टाकी, म्हणजे एअर व्हेसल बसवता येते. पंप थांबला की तिच्यातली हवा पाणी पुढे ढकलत राहते आणि स्तंभ तुटू देत नाही. लाइन लांब आणि चढ मोठा असेल, तर यातले काय, किती आणि कुठे हे वीज जाण्याचा प्रसंग धरून केलेल्या सर्ज अॅनालिसिसवरूनच ठरवावे.

आपली लाइन कशामुळे फुटते हे जागेवरही बरेचसे कळते. दणक्याचा आवाज मोटर सुरू करताना येतो, बटन दाबून बंद केल्यावर येतो, की लाइट गेल्यावरच येतो, याची नोंद पंपघरातल्या वहीत ठेवावी. बंद झाल्यावर काही सेकंदांनी धाडकन आवाज येत असेल, तर तो बहुधा एनआरव्हीचा आहे. नेहमीच्या गेजचा काटा एवढ्या झटक्याला पुरेसा हलत नाही, म्हणून कमाल दाब धरून ठेवणारा लाल काटा असलेला गेज एनआरव्हीच्या पुढे बसवावा. सगळ्या फुटी पंपाजवळच होत असतील, तर एनआरव्ही तपासावा. उंचवट्याच्या आसपास होत असतील, तर एअर व्हॉल्व्ह उघडून पाहावा. अनेक ठिकाणी तो गंजून चिकटलेला सापडतो.

आवाज फक्त बटन दाबून बंद करतानाच येत असेल, तर सॉफ्ट स्टार्टर घेण्याआधी एक फुकटचा प्रयोग करून पाहा. सेंट्रिफ्यूगल पंप असेल, तर स्लुइस व्हॉल्व्ह मिनिटभर घेऊन सावकाश बंद करा आणि मगच मोटर थांबवा. आवाज गेला, तर टॉर्क नियंत्रण असलेला सॉफ्ट स्टार्टर तेच काम रोज न चुकता करील, आणि तो जरूर घ्या. आवाज लाइट गेल्यावरच येत असेल, तर मंजूर झालेले पैसे आधी एनआरव्ही आणि एअर व्हॉल्व्हवर खर्च करा.